मदत हवी आहे: डेंटेट जायरसमधले नवे न्यूरॉन, २०१८चा पेपर धरू की २०१९चा?

बाकावरचा_मागचा:
नमस्कार. एमएस्सी दुसरं वर्ष, शुक्रवारी जर्नल क्लब आहे. विषय: मोठेपणीही मेंदूत, स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसच्या डेंटेट जायरस या भागात, नवे न्यूरॉन जन्मतात का. उंदरांचा भाग तयार आहे. १९६५मध्ये ऑल्टमन आणि गोपाल दास यांनी किरणोत्सारी थायमिडीन टोचून रॅटच्या मेंदूत नव्या पेशी दाखवल्या. २००१च्या मोजणीत तरुण रॅटमध्ये त्या दिवसाला ९००० च्या आसपास निघाल्या. तिथे कुणी भांडत नाही.

अडलोय माणसापाशी. २०१८मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने ५९ नमुने पाहिले. बाळांत भरपूर कोवळे न्यूरॉन, तेराव्या वर्षानंतर एकही नाही. २०१९मध्ये माद्रिदच्या गटाला ४३ ते ८७ वयाच्या १३ निरोगी लोकांत हजारो सापडले. दोघांनी शोधलं एकच प्रथिन, कोवळ्या न्यूरॉनची खूण असलेलं डबलकॉर्टिन. मग असं कसं? गाईड म्हणतात, "दोन्ही बाजू मांड." मांडू काय, कपाळ?

स्लाइडवाली:
आधी फिक्सेशनचे, म्हणजे मेंदू टिकवणाऱ्या रसायनात बुडवून ठेवण्याचे, तास बघ. माद्रिदवाल्यांनी मृत्यूनंतर दहा तासांच्या आत मेंदू मिळवले आणि फिक्सेटिव्हमध्ये एकच दिवस ठेवले. शिवाय एकाच मेंदूचे तुकडे वेगवेगळा वेळ बुडवून पाहिले. जास्त बुडालेल्यात डबलकॉर्टिन दिसेनासं झालं. पेशी जात नाहीत, प्रथिनांची जाळी इतकी घट्ट होते की डबलकॉर्टिनला चिकटून ते दाखवणारी अँटीबॉडी आत शिरत नाही.

आमच्याकडे दिवाळीच्या सुट्टीत एक रॅटचा मेंदू फिक्सेटिव्हमध्येच राहून गेला. नंतर पक्व न्यूरॉनची खूण असलेलं न्यूएन झकास आलं आणि डबलकॉर्टिन कोरं. मी दोन दिवस उंदराच्या वयाला दोष देत होते!

उलटी चूकही होते. म्हाताऱ्या न्यूरॉनमध्ये लिपोफ्युसिन नावाचं रंगद्रव्य साठतं आणि ते स्वतःच चमकतं. अँटीबॉडी न घालता एक सेक्शन, म्हणजे मेंदूचा पातळ काप, ठेव. तिथेही 'पेशी' दिसल्या तर त्या मोजायच्या नाहीत.

बाकावरचा_मागचा:
म्हणजे २०१८चा पेपर फिक्सेशनमुळे पडला?

स्लाइडवाली:
इतकं सोपं नाही रे. त्यांच्याच हातून बाळांच्या मेंदूत डबलकॉर्टिन व्यवस्थित दिसलं. शिवाय काही नमुने एपिलेप्सीच्या शस्त्रक्रियेतून थेट आले होते, त्यात मृत्यूनंतरच्या उशिराचा प्रश्नच नाही. अर्थात तो मेंदू आजारी, ही पळवाट विरोधक काढतात. मला ती अर्धीच पटते.

अणुरेणु:
एवढा काथ्याकूट कशाला? २०१३मध्येच निकाल लागलाय. अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ वाढला, तो डीएनएत बसला, त्यावरून पेशीची जन्मतारीख काढली. प्रत्येक हिप्पोकॅम्पसमध्ये रोज ७०० नवे न्यूरॉन. अँटीबॉडीची भानगडच नाही.

स्लाइडवाली:
पद्धत सुंदर आहे, पण निकाल नाही लागला. त्यात अख्ख्या हिप्पोकॅम्पसच्या लाखो केंद्रकांची सरासरी येते, आणि ७०० हा आकडा मॉडेल बसवून काढलेला. एकही नवी पेशी डोळ्यांनी दिसत नाही.

तरी तो आकडा धरून हिशोब करू. पेशी महिनाभर कोवळी राहते असं मानलं तर एका बाजूला कुठल्याही क्षणी ७०० गुणिले ३०, म्हणजे २१,००० असायला हव्यात. हिप्पोकॅम्पस चारेक सेंटीमीटर लांब, २० मायक्रॉनचे सेक्शन काढले तर २००० होतात. म्हणजे सेक्शनला दहाएक पेशी. माणसात कोवळेपण महिन्याहून लांबत असेल तर आणखी जास्त. दहा दिसायला हव्यात तिथे शून्य दिसणं हे नशिबावर ढकलता येत नाही. एक तर डाग बसला नाही, नाही तर ७०० खोटे. शुक्रवारी हेच फळ्यावर लिही.

नाना_पाषाणकर:
माझ्या आईला अल्झायमर आहे. चाकात पळणाऱ्या उंदरांत नव्या पेशी वाढतात असं वाचलं. तिला रोज किती चालवावं म्हणजे पेशी येतील?

स्लाइडवाली:
नाना, उंदरांचं खरं आहे. माद्रिदच्या गटाला अल्झायमरच्या रुग्णांत कोवळे न्यूरॉन कमी दिसले हेही खरं. पण ती मोजणी मृत्यूनंतरची, त्यावरून चालण्याचा डोस निघत नाही. आईंना किती चालवायचं ते त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा.

बाकावरचा_मागचा:
ताई, शेवटची शंका. डबलकॉर्टिन दिसलं म्हणजे पेशी नुकतीच जन्मली, हे कशावरून? लहानपणीच जन्मून कोवळी राहिलेली नसेल?

स्लाइडवाली:
हाच खरा प्रश्न. नुसत्या डबलकॉर्टिनवरून ते सांगता येत नाही, विभागणारी मातृपेशी पकडावी लागते. १९९८मध्ये कॅन्सरच्या पाच रुग्णांत विभागणाऱ्या पेशीच्या डीएनएत शिरणारं ब्रोमोडीऑक्सियुरिडीन वापरून नव्या पेशी दाखवल्या होत्या. पण ते डीएनए दुरुस्त होतानाही शिरू शकतं, आणि माणसं पाचच. २०२५मध्ये स्टॉकहोमच्या गटाने केंद्रकांचा आरएनए वाचून प्रौढांत विभागणाऱ्या मातृपेशी दाखवल्या. मात्र काहींत भरपूर, काहींत जवळजवळ नाहीत.

अणुरेणु:
मग झालंच ना सिद्ध!

स्लाइडवाली:
'आहेत' एवढं बरंचसं. 'किती' हे नाही. आणि माणसामाणसांत एवढा फरक असेल तर ७०० ही सरासरी नेमकी कुणाची, हे तूच सांग.

बाकावरचा_मागचा:
फळ्यावरचा हिशोब घेतो. कोवळेपणाचा महिना मात्र उंदरांवरून उसना घेतलाय, गाईड तिथेच पकडणार. माणसातला कालावधी कुणी मोजलाय का?