मदत हवी आहे: कच्च्या मुलांच्या शनिवारच्या तासासाठी हेडसरांना प्रस्ताव द्यायचाय, कसा लिहू?

खडूची_धूळ
नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यात एका अनुदानित हायस्कूलला सहावीला गणित शिकवतो. वर्गात ४८ मुलं, त्यातली १४ फारच मागे आहेत. त्यांच्यासाठी आठवड्यातून एक जादा तास हवाय. हेडसरांना तोंडी बोललो तर म्हणाले, लेखी द्या, काय साहित्य लागेल आणि काय निष्पन्न होईल ते स्पष्ट लिहा. आता "विद्यार्थ्यांची गुणवत्ता वाढेल" याच्यापुढे माझं पेन सरकत नाहीये. शाळा सुटल्यावर तास घेता येत नाही, अर्ध्या मुली सव्वापाचच्या एसटीने जातात. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हाच काय ते. कोणाकडे नमुना असेल तर टाका प्लीज.

निवांत_गुरुजी
सोपं आहे सर, निपुण भारतचा उल्लेख करा आणि निधी त्यातून मागा, हेडसर नाही म्हणूच शकत नाहीत. आणि मुलांचे गट इयत्तेनुसार नको, पातळीनुसार करा.

सावित्रीची_लेक
गटांचं बरोबर बोललात. पण निपुण तिसरीपर्यंतच्या मुलांसाठी आहे हो, सहावीच्या प्रस्तावात ते घातलं तर हेडसर पहिल्याच ओळीला अडकतील.

खडू सर, नमुना नंतर बघू. आधी सांगा, १४ मुलं मागे आहेत हे कशावरून ठरवलंत? घटक चाचणीच्या मार्कांवरून असेल तर पुन्हा तपासा. मी १५ वर्षं हेच करतेय. प्रत्येकाला एकेकटं बोलवून एकच गणित द्यायचं, ४०३ वजा १६८, आणि तो सोडवत असताना नुसतं बघत बसायचं, मधे बोलायचं नाही.

खडूची_धूळ
मॅडम, काल दोन ऑफ तासांत तुम्ही सांगितलं तसं केलं. १४ पैकी ९ जणांनी ३६५ लिहिलं, बाकी ५ जणांनी २४५. सगळी चूकच की.

सावित्रीची_लेक
चूक आहे पण एक चूक नाही, आणि तुमचा प्रस्ताव इथेच आहे बघा. ३६५ वाला प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतोय, ८ मधून ३, ६ मधून ०. वर कुठला आकडा आणि खाली कुठला याचं त्याला काही देणंघेणं नाही, म्हणजे शतक फोडून दशक होतात हे त्याच्या डोक्यात अजून नाहीच. २४५ वाल्याला हातचा घेता येतो, फक्त शून्याच्या जागी आलेल्या १० मधून एक पुढे दिला की तिथे ९ उरतात ते तो विसरतो. या पाच जणांना दोन तासांत मोकळं करा. शनिवारचा तास खरा त्या नऊ जणांचा.

साहित्य म्हणाल तर झाडूच्या काड्या, रबर बँड आणि खेळातल्या १००, १० आणि १ च्या नोटा, तीनशे-चारशे रुपयांच्या आत सगळं. चार शंभराच्या आणि तीन एकच्या नोटा हातात द्या आणि १६८ मागा. सुट्टे नाहीत म्हटल्यावर पोरगं स्वतःच नोट मोडायला येतं. वहीत लगेच लिहायला लावू नका.

कोल्हापूरची_आई
माझा मुलगा चौथीत आहे, पाढे पाठ आहेत पण गणितात कंटाळा करतो. अशा मुलांना क्लास लावावा का?

निवांत_गुरुजी
ताई, हा शाळेच्या प्रस्तावाचा धागा आहे, तुम्ही वेगळा काढा. खडू सर, निष्पत्तीत ९ पैकी ९ लिहा, वरिष्ठांना तेच आवडतं.

सावित्रीची_लेक
अजिबात नको. हिशोब करा ना, १२ शनिवार आणि तास ४० मिनिटांचा, म्हणजे सगळे मिळून ८ तास. त्यात कोण गैरहजर, कधी कवायत लांबते. ८ तासांत भागाकार होणार नाही, तो लिहूच नका. असं लिहा की शेवटी ७०४ वजा ३५८ सारखी ५ गणितं देणार, त्यातली ४ बरोबर आली तर जमलं म्हणायचं, आणि ९ पैकी ६ मुलं तिथवर येतील. चौथ्या शनिवारी एकदा मधे बघा. ३६५ सारखं उत्तर तेव्हाही येत असेल तर नोटा लवकर काढून घेतल्या असं समजायचं. खरं तर आठवड्यातून एकदा हे कमीच पडतं, रोज २० मिनिटं मिळाली तर जास्त बरं, पण वेळापत्रकात ती कुठून आणणार.

खडूची_धूळ
नऊवर सहा म्हटलं तर हेडसर विचारणार उरलेल्या तिघांचं काय, पण ते विचारू देत, खोटं लिहून मार्चमध्ये तोंड लपवण्यापेक्षा बरं. यादीला "अप्रगत विद्यार्थी" असं नाव न देता "शनिवार गट" म्हणणार आहे, नाहीतर पोरं एकमेकांना चिडवतात. एकच अडचण राहिली, शनिवारी रिकामा तास फक्त कार्यानुभवाचा आहे आणि ते सर द्यायला तयार नाहीत. मुलांनाही तोच तास सगळ्यात आवडतो, खरं सांगायचं तर.

निवांत_गुरुजी
परिपाठाची वेळ मागून बघा.

सावित्रीची_लेक
परिपाठ १५-२० मिनिटांचा, नोटा वाटेपर्यंतच घंटा होईल. कार्यानुभवाच्या सरांनाच विचारा, काड्यांचे गठ्ठे बांधायचं काम त्यांच्या तासाला घेतील का. आमच्याकडे एका वर्षी असं जमलं होतं, पुढच्या वर्षी सर बदलले आणि बंद पडलं.

खडूची_धूळ
सोमवारी विचारतो, काय म्हणतात ते इथेच टाकतो.