अनुभव धागा: निवृत्तीनंतर हेच काम का निवडलं?

निवृत्तीनंतर छोटं काम सुरू केलेल्यांनी, किंवा सुरू करता करता थांबलेल्यांनी, आपला अनुभव लिहावा. सुरुवातीला तहसील कचेरीतून निवृत्त झालेल्या एका अव्वल कारकुनांचं मित्राला लिहिलेलं पत्र त्यांच्या परवानगीनं देत आहे.

पत्र

प्रिय अण्णा,

स. न. वि. वि. झेरॉक्सचं दुकान काढणार होतास, मग हे कागदपत्रांचं काय काढलंस, असं विचारलंयस. सविस्तर सांगतो.

झेरॉक्सला गाळा लागतो, डिपॉझिट लागतं आणि जवळ कॉलेज लागतं. आमच्या पेठेत गाळा परवडेना. एका पतसंस्थेनं पिग्मीसाठी विचारलं होतं. पण संस्था अडचणीत आली की ठेवीदार आधी एजंटाच्या दारात येतो, आणि ज्यांच्यात जन्म गेला त्या माणसांना तोंड दाखवणं अवघड होतं. थोरल्याच्या मनात मिसळ होती. त्याला पहाटे उठून कट करणारा माणूस घरचाच हवा.

मला येतं काय, तर फाईल वाचता येते. कचेरीत अर्ज परत जातात ते बहुतेक वेळा अर्ज चुकीचा भरला म्हणून नाही. जोडलेले कागद एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून जातात. टेबलापलीकडून हे वर्षानुवर्षं बघितलंय. अर्ज परत आलेल्या माणसाला "त्रुटी आहे" एवढंच कळतं. कसली, ते सांगायला तिथं कुणाला वेळ नसतो. म्हणून घरच्याच सोप्यात टेबल टाकलं.

एक प्रकरण सांगतो. पलीकडच्या गल्लीतल्या दोघा भावांची करवीर तालुक्यात वडिलोपार्जित नाही, वडिलांनी घेतलेली जमीन. वडील वारले. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्यांकडून, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडून, परत आलेला. मी सगळे कागद टेबलावर ओळीनं मांडले. सातबाऱ्यावर नाव "दत्तू रामा", मृत्यू दाखल्यावर "दत्तात्रय रामचंद्र". घरच्यांना ठाऊक, माणूस एकच. कागदाला कसं ठाऊक असणार? मग वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि जुनं रेशनकार्ड शोधायला लावलं, आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक होती. वारसांच्या यादीत आई आणि दोघे भाऊ. मी विचारलं, बहिणी किती? म्हणाले, दोन, पण लग्नं होऊन गेल्या. अरे, १९५६ च्या वारसा कायद्यानं मुलगी पहिल्या वर्गातली वारस आहे, लग्न झालेलं असो वा नसो. यादीतून वगळलं तर चौकशीत निघतं. तिथं नाही निघालं, तर फेरफाराच्या नोटिशीनंतर हरकतीला जे १५ दिवस असतात त्यात बहीण हरकत घेते आणि नोंद तक्रारी होते. मग मंडल अधिकाऱ्यांपुढं सुनावण्या. थोरला थोडा तापला, पण आईनंच सांगितलं, पोरींची नावं घाला. आधी वारस रजिस्टरला, मग फेरफाराला, असं होत पाच नावांची नोंद प्रमाणित झाली.

पुढं हक्कसोडपत्राचं विचारायला आले. ते दस्ताचं काम, मी करत नाही. वकिलाकडं किंवा दस्तलेखकाकडं जा म्हटलं. आणि बहिणीवर दबाव आणायला माझ्याकडं येऊ नका, हेही सांगितलं.

दाखल्यांचे ऑनलाईन अर्जही मी भरत नाही. त्यासाठी आपले सरकार सेवा केंद्र आहे. मूळ कागद रात्री घरात ठेवून घेत नाही, कुणाचा ओटीपी विचारत नाही, साहेबांना भेटायला सोबत जात नाही. फाईल लावून द्यायचे १०० रुपये, भिंतीवर लिहून ठेवलेत. धंदा म्हणून मोठा नाही, अण्णा, पण यात मला माझं शिक्षण वाया गेल्यासारखं वाटत नाही.

वहिनींना नमस्कार.

प्रतिक्रिया

कागलचा निवृत्त शिक्षक

एवढा खटाटोप लागत नाही. आमच्या बहिणीनं आपखुशीनं स्टँपवर लिहून दिलं, नोटरी केली, वारस नोंद लगेच झाली. बहीण राजी असली की नोटरी पुरते.

दस्तलेखक, चाळीस वर्षांचा अनुभव

सर, बहीण राजी होती म्हणून हरकत आली नाही, एवढं तुमचं बरोबर. पण जमिनीतला हिस्सा नोटरीनं सुटत नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडं नोंदवावं लागतं. माझ्याकडं असे नोटरीचे कागद घेऊन लोक जमीन विकताना येतात, तोवर बहीण वारलेली असते आणि तिच्या मुलांच्या सह्या लागतात. तुमचा आत्ताचा सातबारा काढून बघा.

कागलचा निवृत्त शिक्षक

काढला. बहिणीचं नाव आहे. बोलतो तिच्याशी.

शुक्रवार पेठेतली गृहिणी

आमची शेती नाही, पण माझंही ऐका. मालक गेल्यावर महापालिकेत अर्ज देऊन घरफाळ्याला माझं नाव लावलं. वाटलं, झालं घर नावावर. मुलीच्या शिक्षणासाठी घर तारण ठेवायला गेले तर बँकेनं प्रॉपर्टी कार्ड मागितलं. त्यावर अजून सासऱ्यांचंच नाव! घरफाळा म्हणजे कर कुणाकडून घ्यायचा त्याची नोंद, हे मला बँकेत कळलं. आता नगर भूमापनकडं अर्ज केलाय. सासऱ्यांचे सगळे वारस आधी, मग मालकांचे, असं दोन पिढ्यांचं काम आहे. एक दीर पुण्यात, ते फोन उचलत नाहीत. त्यांच्याशिवाय पुढं सरकेल का, कुणी सांगेल?

दस्तलेखक

ताई, नोंदीसाठी त्यांची सही लागतेच असं नाही. त्यांचं नाव आणि खरा पत्ता यादीत द्या, म्हणजे नोटीस जाईल. तारण ठेवताना मात्र त्यांची संमती बँक मागणार. तिथं मार्ग काय निघेल ते वकिलालाच विचारा.

सेवा केंद्र चालवणारी, राजारामपुरी

काकांसारखं कुणी जवळ असतं तर माझं निम्मं काम हलकं झालं असतं. माझ्याकडं येणाऱ्याला वाटतं, कॉम्प्युटरवर भरलं की मंजूर. आधारवर एक स्पेलिंग, दाखल्यावर दुसरं. मी तसंच अपलोड केलं तर त्रुटी लागते आणि शिव्या मला. आता मी आधी नावं जुळवून घेते, पण रांग असली की तेवढा वेळ देता येत नाही, हे खरं आहे.

एक विद्यार्थी

काका, माझं नॉन क्रिमिलेयर अडकलंय. तुमच्या केंद्राचा पत्ता द्या.

सेवा केंद्र चालवणारी

भावा, ते दाखले काढत नाहीत, पत्र नीट वाच. अर्जाची पावती घेऊन कुठल्याही केंद्रावर जा, त्रुटी काय लिहिलीय ते दिसेल.

निवृत्त लिपिक, इचलकरंजी

मला पत्रातलं एक पटत नाही. पैसे घेऊ नयेत. आपल्याला पेन्शन आहे. कालपर्यंत कचेरीत बसलेला माणूस आज त्याच कामाचे शंभर घेतो, लोक त्याला एजंटच म्हणणार. मी देवळाच्या कट्ट्यावर फुकट करतो.

झेरॉक्सवाल्या वहिनी, मंगळवार पेठ

दादा, फुकट असलं की लोक कागद अर्धवट आणतात आणि परत परत येतात. मालकांच्या निवृत्तीनंतर आम्ही झेरॉक्सच काढलं, शाळेच्या दारात गाळा मिळाला म्हणून चाललं. दुकानातच फॉर्म फुकट भरून देत होतो. दहा रुपये लावले तेव्हापासून माणसं सगळे कागद घेऊन येतात.

निवृत्त लिपिक, इचलकरंजी

वहिनी, ज्या म्हाताऱ्या बाईकडं दहाही नाहीत ती तुमच्या दारात येतच नसेल. ती कुठं जाते ते बघा.