शाळेच्या वेळेला पोट दुखते, त्याला मार हा उपाय?

मानेवाड्याची आई: मुलगा तिसरीत. शाळा सुरू होऊन तीन आठवडे झाले, चारच दिवस गेला. सकाळी पोट दुखते, कधी ओकतो. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. सासरे म्हणतात, दोन ठेवून द्या. काय करू?

महालचे काका: सासरे बरोबर आहेत. शाळेची वेळ टळली की पोट थांबते ना? मग नाटकच आहे ते.

प्रतापनगरची समुपदेशक: काका, राग आला म्हणून सविस्तर लिहिते. भीतीनं पोटात खरंच कळ येते. वेळ टळली की भीती जाते, म्हणून कळही थांबते. पण घरी राहून मिळालेली हीच सुटका दुसऱ्या दिवशीची भीती वाढवते. म्हणून मारू नका आणि घरीही बसवून ठेवू नका.

माझ्याकडे दुसरीतली एक मुलगी होती. शाळेच्या संडासाची कडी अडकली आणि ती आत रडत राहिली. त्यानंतर शाळाच नको. आम्ही आधी शाळा सुटल्यावर नुसतं फाटकापर्यंत नेलं. मग बाईंनी फाटकावरून हात धरून आत घ्यायचं, फक्त पहिला तास. रडणं ओसरेपर्यंत बसवायचं, रडत असताना उचलून आणायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात डब्याच्या सुटीपर्यंत बसू लागली. एका सोमवारी पुन्हा अडली, तेव्हा एक पायरी मागे घेतली, पण शाळा चुकू दिली नाही. घरी असली तरी शाळेच्या वेळेत टीव्ही, मोबाइल बंद.

सक्करदऱ्याचा बाप: आधी व्हॅनचं पाहा! माझी पोरगी चौदा जणांत कोंबून जायची. व्हॅन बदलली, रडणं बंद.

व्हॅनवाला भाऊ: सगळं आमच्याच डोक्यावर काऊन? पोरं कमी बसवा म्हणता अन् भाडंही कमी द्या म्हणता. मे महिन्याचे पैसे मागितले की तुमचा फोन लागत नाही!

सक्करदऱ्याचा बाप: मे महिन्यात गाडी उभी असते, पैसे कशाचे?

व्हॅनवाला भाऊ: हप्ता उभा राहतो का, राजेहो?

मानेवाड्याची आई: भांडू नका हो. काल झोपताना त्याला विचारलं. व्हॅन नाही, पोरं नाहीत. म्हणाला, "मी शाळेत असताना आजी गेली. तू पण जाशील."

प्रतापनगरची समुपदेशक: मग तो तुम्हाला सोडायला भितो आहे. "मला काही होणार नाही" असं शंभरदा सांगू नका, तो शंभरदा विचारेल. घ्यायला कोण येईल, किती वाजता, एवढंच सांगा. निरोप एका वाक्याचा, मग मागे वळू नका. आणि आजीबद्दल घरी मोकळं बोला. तरी महिनाभरात फरक नाही पडला तर बालमानसोपचार तज्ज्ञांना दाखवा.

महालचे काका: आजीचं आधी सांगायचं होतं. तेव्हा मार नको, ठीक. पण बाकी सगळ्या पोट्ट्यांना आजीच आठवते असं नाही.

मानेवाड्याची आई: वर्गशिक्षिका म्हणतात, एका तासासाठी पाठवता येणार नाही.

प्रतापनगरची समुपदेशक: मुख्याध्यापकांना लेखी द्या. किती दिवस एक तास, कधीपासून सुटीपर्यंत, हे तारखांसकट लिहा. तोंडी मागितलं की नाहीच म्हणतात.