सर्दी, झिंक आणि ड जीवनसत्त्व: चाचण्यांत काय टिकलं?

आडवाट: झिंकच्या चघळायच्या गोळ्यांनी सर्दी लवकर आटोपते आणि ड जीवनसत्त्वाने ती होतच नाही, असं ऐकतोय. चाचण्यांत यातलं काय टिकलं?

मात्रा: झिंकचा उपयोग होतो, पण मात्रा पुरेशी हवी. १९९६ च्या क्लीव्हलंडच्या चाचणीत १३.३ मिग्रॅ झिंकची गोळी जागेपणी दर दोन तासांनी दिली. लक्षणं साधारण ४.४ दिवसांत गेली, नकली गोळीवाल्यांना ७.६ दिवस लागले. नंतरच्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर दिवसाला ७५ मिग्रॅच्या खाली फरक दिसत नाही. लोक फसतात ते इथेच. 'झिंक ग्लुकोनेट ५० मिग्रॅ' लिहिलेल्या गोळीत प्रत्यक्ष झिंक असतं जेमतेम ७ मिग्रॅ. अशा सहा चघळल्या तरी ४२ च होतात. शिवाय चवीसाठी सायट्रिक आम्ल घातलेलं असेल तर ते झिंकला धरून ठेवतं, घशात मोकळं झिंक फारसं सुटतच नाही.

खडूस: मग २०२० ची हेलसिंकीची चाचणी? झिंक ॲसिटेट, १३ मिग्रॅ, दिवसातून सहा वेळा, पाच दिवस. म्हणजे तुमच्याच हिशेबाने ७८. फरक शून्य. उलट गोळ्या थांबवल्यावर झिंकवाले जरा उशिराच बरे झाले. आणि झिंकची ती धातूसारखी तुरट चव! आपल्याला खरी गोळी मिळाली हे जिभेलाच कळतं, मग 'बरं वाटतंय' या उत्तराला किती किंमत द्यायची?

रोजचीएक: मी ५० मिग्रॅची कॅप्सूल बारा महिने गिळते. सर्दी होऊच नये म्हणून तेच बरं ना?

मात्रा: ताई, प्रश्न चघळायच्या गोळीचा आहे, गिळलेली कॅप्सूल घशाला लागतच नाही. सर्दी टाळण्यासाठी झिंकचा फायदा चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२४ च्या आढाव्यातही जवळपास दिसला नाही. प्रौढांसाठी दिवसाची वरची मर्यादा ४० मिग्रॅ आहे. महिनोन्‌महिने त्यावर गेलात तर तांबं कमी पडतं, त्यातून रक्तक्षय आणि पायात मुंग्या येऊ शकतात. सर्दीतले चार-पाच दिवस निराळे. तेव्हाही मळमळ होते, उपाशीपोटी जास्तच.

उन्हाळी: ड चं मात्र सिद्ध झालंय. २०१७ च्या २५ चाचण्यांच्या विश्लेषणात संसर्ग घटलेले आहेत.

खडूस: घटले, पण सरसकट थोडेच. ठळक फायदा दिसला तो रक्तातली पातळी मिलिलिटरला १० नॅनोग्रॅमच्या खाली असलेल्यांना, तोही रोज किंवा आठवड्याला थोडं थोडं घेऊन. न्यूझीलंडमध्ये महिन्याला एकदम १ लाख युनिट दिली, तिथे काहीच फरक पडला नाही. पुढे चाचण्या वाढत गेल्या तसा सरासरी फायदा आणखी आक्रसला.

उन्हाळी: म्हणजे कमतरता असलेल्यांनी घ्यावं, हे मान्य?

खडूस: हाडांसाठी ते घ्यायचंच आहे. सर्दीचं श्रेय त्याला मी अजून देणार नाही.

मात्रा: इथे मी उन्हाळींच्या बाजूचा. कमतरतेच्या गटात माणसं थोडी होती हे खरं, पण परिणाम बराच मोठा होता.