मदत हवी आहे: आठशे ग्रॅमच्या कुरडयांना साडेतीन किलोचं कुरिअर बिल कसं?

कुरडईवाली_सांगली: मी आणि माझी जाऊ घरच्या कुरडया, सांडगे ऑनलाइन विकतो. अर्धा किलो कुरडया, वर पॅकिंग, असं सगळं मिळून पार्सल 800 ग्रॅम भरतं. घरच्या काट्यावर वजन करूनच बुकिंग करते. आमचा दर पहिल्या अर्ध्या किलोला 48 रुपये आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला 38, वर 18 टक्के जीएसटी. म्हणजे एका किलोचे 86 कापले जातात. पण आठवड्याने वॉलेटमधून पुन्हा 190 अधिक जीएसटी वजा होतात, शेरा 'वजनात तफावत, 3.5 किलो'. बॉक्स 30×25×20 सेंमीचा आहे. कुरिअरवाले खोक्याच्या आकारावरूनही वजन धरतात, लांबी×रुंदी×उंची भागिले 5000, त्या हिशेबानेही तीन किलोच होतात ना? तक्रार टाकू का? आणि एका ऑर्डरमागे कुरिअरचा खर्च नेमका किती धरायचा?

मालवाहू: लांबी×रुंदी×उंचीला 6000 ने भागायचं, 5000 ने नाही. तुमचे अडीच किलो होतात. भांडा त्यांच्याशी, लुटतात मेले.

हबवरचा_माणूस: मालवाहू, 6000 चा भाजक विमानाच्या कार्गोत चालतो. घरपोच कुरिअरला बहुतेक ठिकाणी 5000, काहींकडे त्याहूनही कमी. ताई, तुमच्या दरपत्रकात भाजक दिलेला असेल, तो आधी बघा. 4000 असेल तर याच बॉक्सचे पावणेचार किलो होतील.

एक विचारतो, बॉक्स 12×10×8 इंची आहे का?

कुरडईवाली_सांगली: हो! दुकानदार बारा-दहा-आठच म्हणतो. भाजक 5000 लिहिलाय.

हबवरचा_माणूस: मग गाठ तिथेच आहे. बारा इंच म्हणजे तीस नव्हे, 30.48 सेंमी. दहाचे 25.4, आठचे 20.32. गुणाकार 15,732 च्या आसपास, म्हणजे 3.15 किलो. तीनच्या वर जरा जरी गेलं की पुढचा अर्धा किलो पूर्ण लागतो, म्हणून साडेतीन. शिवाय दुकानदार आतलं माप सांगतो आणि मशीन बाहेरून मोजतं, फुगलेल्या बाजूसकट. तक्रार टिकणार नाही. फोटोत टेप लावलात तरी टेप त्यांच्याच बाजूने बोलेल.

तक्रार कधी करायची? टेपने बाहेरून मोजलेलं माप त्यांच्या आकड्यापेक्षा स्पष्ट कमी असेल तेव्हा. त्यासाठी टेप लावलेले तिन्ही बाजूंचे फोटो माल देण्यापूर्वीच काढून ठेवावे लागतात, कारण आक्षेपाची मुदत थोडी असते.

गोधडी_घर: आमच्या गोधड्यांचंही हेच. हवा काढून व्हॅक्यूम पिशवीत भरतो, अर्ध्यावर येतं. तुम्हीही करून बघा.

कुरडईवाली_सांगली: अहो, कुरडयांची हवा काढली तर गिऱ्हाइकाला भुगा मिळेल! 😄

हबवरचा_माणूस: गोधडीतही पिशवीला बारीक भोक पडलं की हबवर पोचेपर्यंत पुन्हा फुगलेली असते.

ताई, बॉक्समध्ये कागदाचे बोळे किती भरता? अर्धा किलो कुरडयांना एवढा मोठा खोका लागू नये. बाहेरून 26×21×13.5 सेंमीत बसवता आलं तर 1.47, म्हणजे दीड किलो. बिल 276 वरून 124 वर येईल. 10×8×6 इंची तयार खोका घेतलात तर मात्र दीडच्या वर जाऊन दोन किलो लागतील. तोच घेऊन उंची कापा, नवीन घडी पाडा.

दीडच का? तुमचं खरं वजन 800 ग्रॅम, त्यामुळे एका किलोच्या खाली काही केलं तरी जाणार नाही. पण एका किलोत बसायला खोका पाच लिटरचा हवा, त्यात कुरडया मोडतील असा माझा अंदाज.

खर्चासाठी शीटमध्ये प्रत्येक ऑर्डरला हे लावा (F खरं वजन किलोत, C ते E बाहेरची मापं सेंमीत):

```
=CEILING(MAX(F2, C2*D2*E2/5000), 0.5)
```

हा आकडा आणि बिलात लागलेलं वजन शेजारी ठेवा. जिथे फरक दिसेल तेवढ्याच ऑर्डरी तपासा.

हिशेबनीस: एक जोडतो. महिन्याचं बिल भागिले ऑर्डरी, असं करू नका. तफावतीची वजावट नंतर येते, मग मार्चचा खर्च एप्रिलमध्ये दिसतो. वजावट पार्सलच्या एडब्ल्यूबी नंबरावरून मूळ ऑर्डरला जोडा. आणि भागायचं ते पोचलेल्या ऑर्डरींनी. समजा 146 रुपयांची (जीएसटी धरून) दहा पार्सलं पाठवली, एक परत आलं आणि परतीचेही 146 लागले. एकूण 1606, पोचली नऊ, म्हणजे दर ऑर्डरमागे 178. तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर कर परत मिळत नाही, तोही खर्चातच.

मालवाहू: पण परतीला खऱ्या वजनाने लावतात ना?

हबवरचा_माणूस: नाही हो. खोका तोच, जागाही तेवढीच अडवतो.

कुरडईवाली_सांगली: आता कळलं. खोकेवाला तुमच्या मापाचे बनवून देतो म्हणतोय, पण किमान हजार नग घ्या म्हणतो. आमचा उन्हाळ्यातच खप, एवढे ठेवू कुठे? सांगली-मिरज-कोल्हापूर भागात कोणी दोनशे नग देणारा माहीत असेल तर सांगा. तोवर उंची कापूनच बघते.

गोधडी_घर: कापताना चारही कोपरे सारख्या उंचीवर कापा, एक कोपरा वर राहिला तर मशीन तोच धरतं.