मदत हवी आहे: नवरा गेलेली मैत्रीण परत ट्रेनला येतेय, पहिलं वाक्य काय बोलू?

बोरिवलीकर_रेवा:
आमचा सकाळच्या चर्चगेट फास्टचा लेडीज डब्यातला ग्रुप आहे, चढणाऱ्या प्रत्येकीला 'गुड मॉर्निंग गं' असं ओरडूनच स्वागत होतं. एकीचे मिस्टर गेल्या महिन्यात अचानक गेले, हार्टअटॅक. आम्ही घरी जाऊन आलोय, पण सोमवारपासून ती ऑफिसला येतेय. ती कांदिवलीला चढली की काय म्हणायचं? 'कशी आहेस' तर विचारवत नाही, आणि गप्प बसलो तरी विचित्र वाटेल ना?

दादरचा_बंड्या:
जास्त विचार करू नका, नॉर्मल वागा, विषयच काढायचा नाही. तिलाही तेच हवं असतं.

सुलभाताई:
नॉर्मल नंतर, आधी एक वाक्य हवंच. मी बरीच वर्षं होमकेअरमध्ये पेशंटच्या घरी जाते, घरात माणूस गेलेलं असताना कोणी काहीच बोललं नाही की लोकांना वाटतं ह्यांना पडलेलीच नाही. फक्त प्रश्न नको, कारण गर्दीत 'कशी आहेस'ला 'ठीक' म्हणण्यावाचून तिच्याकडे उत्तरच नसतं. हळू आवाजात तिचं नाव घेऊन 'आलीस, बरं वाटलं, बस इथे' म्हणा, जागा द्या. मग शेजारचीने एकदाच, भाऊजींचं नाव घेऊन, 'त्यांची आठवण येते गं' म्हणावं. ती खिडकीकडे बघायला लागली तर भाजीचा, ऑफिसचा विषय काढा, आणि ती बोलायला लागली तर मध्ये 'रडू नकोस' किंवा 'मुलांकडे बघ' म्हणू नका, ऐका. 'काही लागलं तर सांग'पेक्षा 'बुधवारी तुझा डबा मी आणते' बरं, मागायला लागत नाही.

गिरगावची_माई:
आणि निघताना 'येते' म्हणू नये हं, अशुभ असतं.

सुलभाताई:
माई, ते दुःखाच्या घरी भेटायला गेल्यावर. ट्रेनमधून उतरताना कोण बघतंय.

निलेश_परळ:
माझे बाबा केमोवर आहेत, लिफ्टमध्ये रोज कोणीतरी 'अरे वा, एकदम फ्रेश दिसताय!' म्हणतं आणि बाबा घरी येऊन चिडतात. ह्या लोकांना काय सांगू?

सुलभाताई:
निलेश, दिसण्यावर बोलायचंच नाही असं सांग. केमोनंतरचे काही दिवस थकवा जास्त असतो, चेहऱ्यावर तो दिसेलच असं नाही, आणि मग 'फ्रेश' ऐकलं की आपलं दुखणं कोणी खरं मानत नाही असं वाटतं. 'काका, आज कसं वाटतंय?' चालेल, त्यात 'आज' महत्त्वाचं, कारण एका दिवसाचं उत्तर देता येतं. आणि सर्दी-खोकला असलेल्याने लिफ्टमध्ये सोबत न चढणंच बरं, केमोत पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात.

बोरिवलीकर_रेवा:
थँक्यू ताई, ग्रुपवर सांगते, सोमवारी ओरडायचं नाही. पण आता नवरात्र येतेय, आम्ही नऊ रंगांच्या साड्या नेसतो, रोज ग्रुपवर रंग टाकतो. तिला त्यातून वगळायचं का तसंच राहू द्यायचं?

गिरगावची_माई:
वर्ष होईपर्यंत सण नसतो गं.

दादरचा_बंड्या:
माई, ते तिला ठरवू द्या ना. रेवा, तिला वेगळं विचारा, ग्रुपवर नको.

सुलभाताई:
विचारायला माझी हरकत नाही, पण पहिल्याच आठवड्यात नको.