भिंगांचा धडा: युक्तीने लक्षात ठेवावा की किरण काढून?

दहावीचा विद्यार्थी
'भिंगे व त्यांचे उपयोग' या धड्याच्या माझ्या नोट्स खाली देतोय. वर्गात वाद झाला. काहींच्या मते अशा नोट्समुळे मुलं विचार करणं सोडतात. मला तसं वाटत नाही, कारण बहिर्गोल भिंगाच्या सहा स्थितींचा तक्ता नुसता वाचून डोक्यात राहतच नाही. तुमचं मत सांगा.

पहिली गोष्ट: वस्तू लांबून भिंगाकडे येत गेली की प्रतिमा F2 पासून लांब लांब जाते आणि मोठी होते. वस्तू 2F1 वर आली की प्रतिमा 2F2 वर, तेवढ्याच आकाराची. वस्तू F1 वर आली की प्रतिमा अनंत अंतरावर. वस्तू F1 च्याही आत आली की प्रतिमा वस्तूच्याच बाजूला, मोठी आणि आभासी.

दुसरी: उपयोगांचा क्रम 'काकांनी झेंडू प्रेमाने टोपलीत भरला'. कॅमेरा (2F1 च्या पलीकडे), झेरॉक्स (2F1 वर), प्रोजेक्टर (F1 आणि 2F1 च्या मध्ये), टॉर्च (F1 वर), भिंग, म्हणजे हातातलं (F1 च्या आत).

तिसरी: 'वाउ, आसु'. वास्तव ती उलट, आभासी ती सुलट. आणि वास्तव असेल तर v धन, आभासी असेल तर v ऋण.

निवृत्त विज्ञान शिक्षिका
पहिली गोष्ट मला मनापासून आवडली. तक्त्याच्या सहा ओळी सुट्या नाहीत, एकच हालचाल आहे, हे तू बरोबर पकडलंस. 'वाउ, आसु'लाही माझी हरकत नाही, एका भिंगासाठी ते नेहमी खरं. माझा विरोध फक्त शेवटच्या वाक्याला आहे, 'वास्तव असेल तर v धन'.

हे गणित बघ. बहिर्गोल भिंग, नाभीय अंतर 10 सेमी, वस्तू 15 सेमीवर. u = −15, f = +10. सूत्र 1/v − 1/u = 1/f, म्हणून 1/v = 1/10 − 1/15 = 1/30 आणि v = +30. विशालन v/u = −2. प्रतिमा वास्तव, उलट, दुप्पट.

आता भिंगाच्या जागी 10 सेमी नाभीय अंतराचा अंतर्गोल आरसा ठेव. u = −15, f = −10, सूत्र 1/v + 1/u = 1/f. 1/v = −1/10 + 1/15 = −1/30, म्हणजे v = −30. विशालन −v/u, तेही −2. प्रतिमा अगदी तशीच, वास्तव, उलट, दुप्पट. फक्त v चं चिन्ह फिरलं. आरशात प्रकाश परत फिरतो आणि वास्तव प्रतिमा वस्तूच्याच बाजूला पडते. चिन्ह प्रतिमेच्या जातीवरून ठरत नाही, ती कोणत्या बाजूला आहे त्यावरून ठरतं. नववीत आरसा शिकून आलेली मुलं नेमकी इथे घसरतात.

बारावी सायन्स
मॅडम, पण धडा भिंगांचा आहे. आरशाचं पान वेगळं, त्याची युक्ती वेगळी. परीक्षेत वेळ कमी असतो. दोन ओळी पाठ असलेला मुलगा गणित संपवतो, बाजू शोधत बसलेला अर्ध्यात अडकतो. मी स्वतः असाच शिकलो आणि बारावीत अडलो नाही.

किरणाकृतीवाला
काकांचा झेंडू कशाला हवा? दोन किरण काढा. मुख्य अक्षाला समांतर जाणारा F2 मधून जातो, प्रकाशीय मध्यातून जाणारा सरळ जातो. जिथे छेदतात तिथे प्रतिमा. मोजपट्टी आणि टोकदार पेन्सिल असली की सूत्रही नको, चिन्हही नको.

निवृत्त विज्ञान शिक्षिका
प्रतिमा कुठल्या बाजूला, उलट की सुलट, हे आकृतीवरून नक्की कळतं. पण तेच 10 सेमीचं भिंग घेऊन वस्तू 11 सेमीवर ठेवा. प्रतिमा 110 सेमीवर पडते, वहीच्या कितीतरी बाहेर. वस्तू 10.5 वर आणली की 210 सेमी. अर्ध्या सेमीत प्रतिमा एक मीटर सरकली. पेन्सिलच्या रेघेची जाडीसुद्धा तिथे उत्तर बिघडवते. प्रमाण बदललं तरी F1 जवळ हाच त्रास.

किरणाकृतीवाला
मान्य, F1 जवळ आकृती पुरत नाही. पण सुरुवात आकृतीनेच व्हावी हे मी सोडणार नाही. ज्याने ती काढलीच नाही त्याला 210 हा नुसता आकडा आहे.

एक आई
माझ्या मुलीचा चष्म्याचा नंबर −2.5 आहे. तुमच्या नोट्सप्रमाणे ऋण म्हणजे आभासी. मग तिला चष्म्यातून दिसतं ते खरं नसतं का? तिने हे वाचून मलाच विचारलं.

निवृत्त विज्ञान शिक्षिका
ताई, नंबरातलं ऋण चिन्ह भिंगाच्या नाभीय अंतराचं आहे. −2.5 डायॉप्टर म्हणजे f = −1/2.5 मीटर, म्हणजेच −40 सेमी, अंतर्गोल भिंग. खूप लांबच्या वस्तूची प्रतिमा हे भिंग तिच्या डोळ्यांसमोर साधारण 40 सेमीवर तयार करतं, आणि तिथपर्यंत तिला स्वच्छ दिसतं. ती प्रतिमा आभासी, म्हणजे तिथे पडदा धरला तर त्यावर काही उमटणार नाही. पण डोळ्यात शिरणारा प्रकाश खराच असतो, आणि तिच्या दृष्टिपटलावर उमटते ती प्रतिमा वास्तव असते. तिला निर्धास्त राहायला सांगा.

दहावीचा विद्यार्थी
मॅडम, आरशाचं गणित मी तक्त्याशेजारी लिहून घेतलं. पण 'वास्तव तर धन' भिंगापुरतं मला अजूनही उपयोगी वाटतं, आणि कारण नुसता वेळ नाही. माझ्या बाजूच्याने त्याच गणितात u = +15 घातलं. 1/v = 1/10 + 1/15 = 1/6, उत्तर 6 सेमी. सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर, म्हणून त्याला काही खटकलंच नाही. मी नोट्समधली पहिली गोष्ट लावून बघितली. वस्तू अनंत अंतरावर असतानाच प्रतिमा F2 वर, म्हणजे 10 वर पडते, आणि वस्तू जवळ आली की ती त्याहून लांबच जाते. मग 6 वर वास्तव प्रतिमा येईल कुठून? पाठ केलेल्या ओळीनेच चूक दाखवली.

निवृत्त विज्ञान शिक्षिका
हा तुझा सगळ्यात चांगला मुद्दा आहे, आणि तो नोट्समध्येच जायला हवा: बहिर्गोल भिंगासमोर खरी वस्तू असेल तर धन v कधीच f पेक्षा लहान येत नाही. पण बघ, ही चूक हालचालीच्या गोष्टीने पकडली, 'वास्तव तर धन'ने नाही. त्या ओळीला 6 सेमी बिनतक्रार चाललं असतं.

आणि टॉर्चही तपास. साध्या टॉर्चमध्ये झोत समांतर करायचं काम बल्बमागचा अंतर्गोल आरसा करतो. भिंगाचं उदाहरण हवं तर दीपगृह लिही.

बारावी सायन्स
दीपगृह घेतलं तर 'टोपलीत' जातं! झूमवाली एलईडी टॉर्च चालेल, तिच्या पुढे बहिर्गोल भिंग असतं. पुढचं तोंड ओढून झोत अगदी बारीक केला की भिंतीवर उजळ चौकोन दिसतो. ती एलईडीच्या चिपचीच प्रतिमा.

दहावीचा विद्यार्थी
मग चिप F1 वर नाहीच, F1 च्या किंचित बाहेर आहे, कारण प्रतिमा अनंत अंतरावर न जाता भिंतीवर पडली. म्हणजे ती टॉर्च प्रोजेक्टरच्या ओळीत घालायची का?

किरणाकृतीवाला
भिंत किती लांब आहे त्यावर ठरव. आणि यावेळी आकृती काढ!